केवायसीत पत्ता बदललाय? मग हे वाचा, आमच्या दाजींचे ४८ हजार गेले

आमचे दाजी राजारामपुरीतलं भाड्याचं घर सोडून कळंब्याला राहायला गेले, आधारवर पत्ता अजून जुनाच. तेवढ्यात बँकेच्या ॲपवर 'केवायसी अपडेट करा' असं आलं, आणि हे मात्र खरं होतं. ॲपमध्येच विचारतात, काही बदल नाही की फक्त पत्ता बदललाय. दाजींनी दुसरं निवडून नवीन पत्ता टाकला, लाईटबिल जोडलं. स्टेटस पेंडिंग.

दोन-चार दिवसांनी फोन, 'सर तुमचं लाईटबिल रिजेक्ट झालंय, पत्ता मॅच होत नाही, आज नाही झालं तर खातं फ्रीज होईल'. आता त्याला लाईटबिलाचं कसं कळलं? मला वाटतं काहीच कळलेलं नव्हतं, असले फोन हजारोंना जातात, आणि ज्याचं खरंच पेंडिंग असतं त्याला ते पटतं. मग व्हॉट्सॲपवर `KYC_Update.apk` आली, वर बँकेचा लोगो. इन्स्टॉल करताना फोननं धोक्याची सूचना दिली तर तो म्हणतो चालू द्या सर, आणि पहिल्याच स्क्रीनला एसएमएस वाचायची परवानगी मागितली. पुढं पत्त्याच्या खाली एटीएम कार्डचा नंबर आणि पिन!! पत्ता बदलायला पिन कशाला लागतोय ओ?

दाजींनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, अजूनपण तेच म्हणतात, आणि खरंय ते. सांगायची गरजच नव्हती, ओटीपीचे मेसेज ते ॲपच तिकडं पाठवत होतं. कार्ड नंबर, पिन, ओटीपी, एवढ्यावर त्या चोरांनी नेटबँकिंगचा पासवर्ड बदलला आणि ४८ हजार दोन हप्त्यात गेले.

ताईनं आधी फोनचं नेट बंद केलं, मग तिच्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कॉल करून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं ब्लॉक केलं. दुसऱ्या हप्त्यातले काही पैसे पुढच्या खात्यात अडकवले गेले, ते मिळायची आशा आहे. बाकीच्याबद्दल बँक म्हणते पिन तुम्ही दिला. रिझर्व्ह बँकेचा नियम तसाच आहे, ग्राहकाच्या चुकीनं गेलं तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आधी कॉल, रडारड नंतर.

आणि खरी पद्धत काय, तर फक्त पत्ता बदलला असेल तर तुम्ही स्वतः लिहून दिलेला पत्ता बँकेला चालतो, मग दोन महिन्यांत तो खरा आहे का ते बँक तपासते, म्हणजे त्या पत्त्यावर पत्र पाठवतील नाहीतर माणूस येईल. तोपर्यंत पेंडिंग दिसलं तर दिसू द्या, फारच वाटलं तर शाखेत जाऊन विचारा. दाजींच्या फोनमधून ते ॲप नुसतं काढून भागलं नाही, फोन पूर्ण रीसेट केला आणि मगच बँकेचं ॲप परत टाकलं.