डंबेल्स की डंबेल्स अधिक क्रिएटिन? मधुमेहींनी निवडताना

गेल्या डिसेंबरात भाच्याने क्रिएटिनच्या पांढऱ्या पावडरीचा डबा हातात ठेवला. तो पर्वरीच्या एका जिममध्ये शिकवतो. म्हणाला, "मामा, हे घ्या, शुगरलाही चांगलं असतं म्हणतात." माझं वय 54. मधुमेह नऊ वर्षांचा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, एचबीएवनसी 7.8. मी डबा कपाटात ठेवला आणि ठरवलं की आधी तीन महिने नुसता व्यायाम करायचा, मग तीन महिने व्यायाम आणि पावडर. असाच प्रश्न पडलेल्यांसाठी त्या दोन टप्प्यांचा हा हिशोब लिहीत आहे. पावडर पाण्यात कशी ढवळायची ते तुम्हाला ठाऊक असेल असं धरतो.

आधी पावडरीच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू पोकळ नाही. ब्राझीलमध्ये, साओ पावलोत, ब्रुनो ग्वालानो आणि सहकाऱ्यांनी टाइप टूच्या 25 रुग्णांवर केलेला प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांकडून 12 आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज पाच ग्रॅम क्रिएटिन, बाकीच्यांना दिसायला तशीच पण गुण नसलेली पावडर. क्रिएटिनवाल्यांचं एचबीएवनसी 7.4 वरून 6.4 वर आलं. दुसऱ्या गटाचं 7.5 चं 7.6 झालं. इन्सुलिनचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं, म्हणजे स्वादुपिंडाने जास्त काम केलं नव्हतं. फरक स्नायूत होता. रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत घेणारी ग्लुट-4 नावाची प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात, इन्सुलिनचा निरोप आला किंवा स्नायू राबला की पृष्ठभागावर येऊन साखरेला दार उघडतात. क्रिएटिन घेणाऱ्यांच्या स्नायूत ही प्रथिनं जास्त संख्येने पृष्ठभागावर आलेली दिसली.

हे वाचून मी उत्साहात आलो होतो, पण दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकली. 12 आठवडे व्यायाम करूनही दुसऱ्या गटाचं एचबीएवनसी हललंच नाही, हे कसं? त्याच 2011 साली 'जामा' या नियतकालिकात अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात देखरेखीखालच्या नियमित व्यायामाने एचबीएवनसी सरासरी 0.67 ने उतरल्याचं दिसतं. साओ पावलोत तुलनेचा गट नेहमीसारखा उतरला असता तर दोन गटांमधलं अंतर बरंच कमी दिसलं असतं. प्रयोग खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण 25 माणसांत दोघा-चौघांच्या खाण्यापिण्याने किंवा नशिबानेसुद्धा आकडा सरकतो, म्हणून त्या एका टक्क्यावर मी घर बांधणार नाही.

आता माझा पहिला टप्पा. जानेवारी ते एप्रिल आठवड्यातून तीनदा संध्याकाळी डंबेल्स, खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून दंड. जेवणानंतर 20 मिनिटं चालणं. आमच्याकडे रात्रीही शीत-कडीच असते, भात सोडणं मला जमलेलं नाही, फक्त वाढ निम्मी केली आणि उकड्या तांदळावर आलो. सुरुवातीला जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर 210 च्या आसपास दाखवायचा, मार्चअखेर तो 165 ते 175 मध्ये रेंगाळू लागला. एका संध्याकाळी डंबेल्स खाली ठेवले आणि दरदरून घाम आला, हात कापू लागले. मोजली तर 66. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यालो, 15 मिनिटांनी 94. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दोनवरून एक मिलिग्रॅमवर आणली. मेटफॉर्मिन एकट्याने साखर इतकी खाली सहसा नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र साखर कितीही असो इन्सुलिन सोडायला लावते, आणि राबलेला स्नायू त्याच वेळी साखर ओढत असतो. म्हणून ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी व्यायामाच्या आधी आणि नंतर सुई टोचून बघावी, पावडर घेतली तरी आणि न घेतली तरी. एप्रिलमध्ये एचबीएवनसी 7.2 आलं, तेही निम्म्या गोळीवर.

दुसरा टप्पा एप्रिल ते जुलै. तोच व्यायाम, वर रोज चार-पाच ग्रॅम साधं मोनोहायड्रेट. (फळांच्या चवीची मिश्रणं टाळली. काहींत डेक्स्ट्रोज असतो, आणि आपण तर साखरच कमी करायला निघालोय.) जोर वाढल्यासारखा वाटला, बारा उठबशांच्या जागी पंधरा होऊ लागल्या. वजन दीड किलो वाढलं, ते स्नायूत धरलेलं पाणी असतं, चरबी नव्हे. जेवणानंतरची साखर पाच-सात अंकांनी कमी दिसायची, कधी दिसायचीही नाही. जुलैत एचबीएवनसी 7.0 होतं. 7.2 आणि 7.0 यांतला फरक एकाच नमुन्याच्या दोन तपासण्यांतही पडू शकतो, त्यामुळे तो पावडरीचा म्हणावा की लॅबचा, हे मला सांगता येणार नाही.

इथपर्यंत दोन्ही पारडी जवळपास सारखी होती आणि डबा संपेपर्यंत मी पावडर घेतही राहिलो असतो. माझा निर्णय फिरवला तो त्याच जुलैच्या रिपोर्टातल्या दुसऱ्या ओळीने.

रक्तदाब वर राहत होता म्हणून जुलैच्या सुरुवातीला डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केली. या गोळीनंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचा रिवाज आहे, कारण तिने क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं. वाढ 30 टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू ठेवतात, त्याहून जास्त असेल तर शोध घेतात. माझं क्रिएटिनिन डिसेंबरात 1.0 होतं, जुलैत 1.3 आलं. म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. त्या आकड्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज, 89 वरून 65 वर आला.

डॉक्टर रिपोर्ट हातात धरून थोडा वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "मासे-मटण जास्त झालं का?" ट्रॉलरबंदीचे दिवस होते, बाजारात ताजी मासळी नावालाच, घरी सुंगटांची किसमूर आणि डाळीवर चाललेलं. तेव्हा मी डब्याचं सांगितलं. "हे मला गोळी लिहून देण्याआधी सांगायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

कारण साधं आहे. स्नायूतल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो आणि किडनी तो बाहेर टाकते. साठा वाढला की उतरणारा भागही वाढतो, किडनी ठणठणीत असली तरी. त्याच साओ पावलोच्या गटाने मधुमेहींच्या किडनीचं काम क्रिएटिनिनवर न विसंबता वेगळ्या, थेट पद्धतीने मोजलं होतं आणि त्यांना बिघाड आढळला नाही. म्हणजे पावडरीने किडनी बिघडते असा पुरावा नाही, बिघडतो तो किडनीचा आरसा. ज्याला मधुमेह नाही त्याने ही गोष्ट सोडून दिली तर चालेल. आपलं तसं नाही. मेटफॉर्मिन ईजीएफआर 45 च्या खाली गेल्यावर कमी करतात, 30 च्या खाली बंद करतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनंतरही तो सुरुवातीला थोडा उतरतो आणि तो उतार नेहमीचा की काळजीचा, हे डॉक्टरांना ओळखावं लागतं. मधुमेहाने किडनी खरोखर खराब होऊ लागली तर दुखत-खुपत काही नाही, या आकड्यांतूनच कळतं. तोच आकडा मी तीन महिने गढूळ करून ठेवला होता.

गुंता सोडवायला पुढचे सहा आठवडे गेले. पावडर बंद, टेल्मिसार्टन चालू. स्नायूतला जादा साठा उतरायला साधारण महिना-दीड महिना लागतो, म्हणून चार दिवस थांबून पुन्हा तपासण्यात अर्थ नव्हता. दरम्यान लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी केली, ती ठीक निघाली. सिस्टॅटिन सी केलं. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, क्रिएटिनशी त्याचं नातं नाही, त्यामुळे पावडरीने ते फसत नाही. आमच्या लॅबमध्ये ते होत नाही, नमुना बाहेर पाठवतात आणि क्रिएटिनिनच्या कितीतरी पट पैसे पडतात. तेही ठीक आलं. ऑगस्टअखेर क्रिएटिनिन 1.1 होतं. तेव्हा कळलं की वाढीतला मोठा वाटा डब्याचा होता, लहान वाटा बहुधा गोळीचा. पण ते सहा आठवडे मी रात्री छताकडे बघत काढले आहेत. माझ्या वडिलांनी शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर काढली.

ऑक्टोबरात, चवथीच्या नेवऱ्या-मोदक होऊन गेल्यावर, नुसत्या डंबेल्सवर एचबीएवनसी 7.1 आलं.

माझ्या एका मित्राचं गणित वेगळं असू शकतं. तो पक्का शाकाहारी आहे. मासळीत किलोमागे तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन असतं, ते त्याच्या ताटात कधीच येत नाही, म्हणून त्याच्या स्नायूत साठा कमी असणार आणि पावडरीचा फरक माझ्यापेक्षा जास्त पडू शकेल. औषधं त्याची वर्षभर बदललेली नाहीत, किडनीचे रिपोर्ट स्वच्छ आहेत. त्याला मी नको म्हटलं नाही. इतकंच सांगितलं की डबा उघडण्याआधी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि परवडलं तर सिस्टॅटिन सी करून ठेव. पावडर सुरू झाल्यावर महिन्याने, दुसरं कुठलंही औषध बदललेलं नसताना, क्रिएटिनिन पुन्हा कर. जो आकडा येईल तो पावडरीवरचा तुझा नवा पाया, आणि पुढची वाढ त्याच्याशी ताडायची. डॉक्टरांनी नवी गोळी काढली तर ती लिहिण्याआधीच डब्याचं नाव घे. ज्याचं अल्ब्युमिन आधीच वाढलेलं आहे किंवा ईजीएफआर 60 च्या खाली आहे, त्याने या वाटेला न गेलेलं बरं, असं मला वाटतं. किडनीचा त्रास असलेल्यांवर असे प्रयोग फारच थोडे झाले आहेत.

माझा डबा अर्धा उरला होता तो भाच्याला परत दिला. डंबेल्स जेवणाच्या टेबलाखाली आहेत. काल रात्री बांगड्याचं हुमण आणि दोन डाव शीत होतं, दोन तासांनी 168.