सांत्वनाचा मेल: सगळ्यांना उत्तर की स्वतंत्र?

सहकारिणीच्या वडिलांच्या निधनाचा मेल ऑफिसभर आला, की त्यालाच ‘Reply all’ करावं की वेगळं लिहावं, असा प्रश्न पडतो.

सगळ्यांच्या मेलमध्ये भाषा ठरावीकच होते. बहुतेक जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात. पण श्रद्धांजली मृत व्यक्तीला असते, मेल मात्र मुलीला जातो. तिला हवं ते सांत्वन. ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ हे घरची श्रद्धा माहीत असेल तरच. शिवाय अशी चाळीस उत्तरं तिच्या फोनवर वाजत राहतात.

स्वतंत्र मेलला दहा मिनिटं लागतात, पण त्यात नेमकं लिहिता येतं. विषयात ‘दुःखद बातमी’ नको, ती तिला माहीत आहे. ‘बाबांबद्दल कळलं’ पुरे. मग एवढंच:

‘मीनाताई, बाबा गेल्याचं आज कळलं. फार वाईट वाटलं. तुम्ही डब्याच्या वेळी त्यांच्या बागेबद्दल सांगायचात, ते आठवलं. गुरुवारचा अहवाल मी पाठवतो. उत्तराची घाई नको.’

‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की मागण्याचं ओझं तिच्यावरच पडतं, म्हणून कामाचं नाव घ्यावं. आणि घेतलं तर ते करावंच! ‘वय झालं होतं’, ‘सुटले बिचारे’ हे प्रत्यक्षातही जपून बोलावं, लेखी तर नकोच.

तोंडओळखच असेल तर ‘Reply all’मधली एक ओळ चालते: ‘आपल्या दुःखात सहभागी आहे.’ रोजचं काम एकत्र असेल, किंवा तुम्ही तिचे वरिष्ठ असाल, तर स्वतंत्रच लिहा.