स्वतःलाच टोचणारा अभंग: मोठा की लहान?

खानापूरकडच्या आमच्या गावात एकादशीच्या भजनात टाळ वाजत असतो आणि लक्ष प्रसादाच्या कुंद्याकडे असतं. त्यावर स्वतःला हसत दटावायचं, तर कुठला साचा घ्यावा?

मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं. मी असा बांधला:

टाळ माझ्या हाती । मन कुंद्यापाशी ।
पोट म्हणे काशी । हीच माझी ॥

तीन चरण पकड घट्ट होत जाते आणि चौथा आखूड पडल्यामुळे चापट बसते. ती चार अक्षरं झाकून म्हणून बघा. काहीच गेलं नाही असं वाटलं, तर तिथे 'अरे देवा'सारखी भरती आहे. मी सगळ्यात जास्त वेळ याच चरणावर घालवतो.

लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण, यमक शेवटी:

मुखी नाम, ध्यान कुंदा ।
असा माझा भक्तिधंदा ॥

हा चटकन पाठ होतो, दिंडीत चालता चालता म्हणता येतो. पण गुन्हा आणि निकाल लगोलग येतात, त्यामुळे कडवट बोलल्यासारखं होतं.

दोन्हींत 'माझा'च्या जागी 'लोकांचा' घालू नका, दटावणी लगेच टोमणा होते. दटावणीसाठी मी मोठाच घेईन.