t मानून मोजायचं की आलेख काढून? प्राचल असलेल्या त्रिकोणमितीय समीकरणाच्या उकली

cos 2x + 2 sin x = k या समीकरणाला [0, 2π] मध्ये किती उकली आहेत? उत्तर k च्या किमतीप्रमाणे बदलतं, आणि ते काढायच्या दोन वाटा आहेत. एकीत sin x = t मानायचं, t मधलं वर्गसमीकरण लिहायचं आणि त्याची मुळं -1 ते 1 मध्ये कधी येतात ते बघायचं. दुसरीत k ला एकटं ठेवायचं, डाव्या बाजूचा आलेख काढायचा आणि y = k ही आडवी रेषा वरून खाली सरकवत छेद मोजायचे. मी बरीच वर्षं पहिल्या वाटेने गेलो. आता बहुतेक वेळा दुसरीने जातो. दोन्ही बरोबरच आहेत, तेव्हा माझा कल माझ्या अनुभवातून आलाय एवढं धरून पुढचं वाचा.

आधी t ची वाट, कारण तिचं आकर्षण खरं आहे. cos 2x च्या जागी 1 - 2t² लिहिलं की 2t² - 2t + (k - 1) = 0 मिळतं. मुळांची बेरीज 1. म्हणजे एक मूळ t असेल तर दुसरं 1 - t. एक मूळ ऋण निघालं तर दुसरं 1 च्या पलीकडे जातं आणि बाद होतं. दोन्ही मुळं कामाची ठरायची असतील तर दोन्ही 0 ते 1 मध्येच हवीत. विवेचक 12 - 8k आहे, म्हणून k > 3/2 असताना काहीच नाही. k = 3/2 ला दोन्ही मुळं 1/2 वर एकत्र येतात, 1 ≤ k < 3/2 असेल तर दोन वेगळी मुळं चालतात, -3 ≤ k < 1 असेल तर एकच, आणि -3 च्या खाली पुन्हा काही नाही. चार ओळींत काम झालं. हे करताना छान वाटतं, हे मी नाकारत नाही.

पण इथपर्यंत मोजले ते t. प्रश्नात विचारलेत x.

माझा कल बदलला तो या एका गोष्टीने. [0, 2π] मध्ये एका t ला किती x मिळतात? साधारणपणे दोन. पण t = 1 ला एकच, t = -1 ला एकच, आणि t = 0 ला तीन, कारण 0, π आणि 2π तिन्ही अंतरालात आहेत. मी हे सगळं पाठ असल्यासारखं म्हणायचो आणि वहीत मात्र सरसकट दोनने गुणायचो. याच समीकरणात k = 1 घेतलं की t = 0 आणि t = 1 ही दोन मुळं येतात. मी दोन गुणिले दोन, चार असं लिहिलं. मागे उत्तर पाहिलं तर चारच. बरोबर उत्तर आलं म्हणून मी पुढे गेलो. प्रत्यक्षात तिथे तीन अधिक एक असे चार होते. माझी चूक एका बाजूला एक कमी आणि दुसऱ्या बाजूला एक जास्त अशी फिटली होती. काही आठवड्यांनी हेच समीकरण [0, 2π) या अंतरालात समोर आलं, मी पुन्हा चार लिहिलं, आणि या वेळी उत्तर तीन होतं. 2π वगळला गेला होता, आणि माझ्या रीतीत 2π कुठे दिसतच नव्हता. t च्या भाषेत 0 आणि 2π एकच आहेत. अंतरालाचं टोक बंद आहे की खुलं, हे t ला कळतच नाही.

आलेखात हेच डोळ्यांसमोर राहतं. मात्र आलेख नीट काढायला हवा, आणि इथे एक मोठा सापळा आहे. सवयीने आपण 0, π/2, π, 3π/2, 2π या बिंदूंवर किमती काढतो. या समीकरणात त्या 1, 1, 1, -3, 1 येतात. हे बिंदू जोडले तर 0 पासून π पर्यंत सपाट रेष दिसेल. k = 1.2 ला एकही उकल नाही असं वाटेल, आणि खऱ्या चार उकली हातातून जातील. म्हणून आलेख किमतींच्या तक्त्यावरून काढू नये, वळणांवरून काढावा. विकलज 2 cos x (1 - 2 sin x) आहे. तो शून्य होतो π/6, π/2, 5π/6 आणि 3π/2 वर, आणि प्रत्येक ठिकाणी चिन्हही बदलतो. आता किमती बघा: 0 वर 1, π/6 वर 3/2, π/2 वर पुन्हा 1, 5π/6 वर 3/2, मग π वर 1 ला खाली येत 3π/2 वर -3, आणि 2π वर वर चढून 1. दोन बुटके उंचवटे, मध्ये एक छोटी खळगी, मग एक खोल दरी. आकृती प्रमाणात नसली तरी चालते. कोणतं टोक कोणत्या उंचीवर आहे आणि कोणत्या दोन उंची सारख्या आहेत, एवढं चुकता कामा नये.

आता रेषा सरकवायची. 3/2 च्या वर काही नाही. 3/2 ला दोन शिखरं, दोन उकली. 1 आणि 3/2 च्या मध्ये दोन्ही उंचवट्यांच्या दोन्ही बाजूंना छेद, चार उकली. बरोबर 1 वर रेषा डावं टोक, खळगीचा तळ, π आणि उजवं टोक अशी चार ठिकाणी लागते. -3 ते 1 च्या मध्ये दरीच्या दोन बाजू, दोन उकली. -3 ला तळ, एक उकल. त्याखाली काही नाही. आता अंतराल [0, 2π) केलं तर उजव्या टोकाच्या ठिपक्याची फक्त पोकळ टिकली होते. k = 1 ला चारांतला एक गेला, तीन उरले. बाकी एकही ओळ बदलली नाही. ज्या जागी मी आठवडे अडकलो होतो, ती जागा एका पोकळ टिकलीत मिटली.

मोजताना मी वक्र एकदिश तुकड्यांत पाहतो. इथे पाच तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यात रेषा फार तर एकदा लागते, म्हणून k त्या तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या किमतींच्या मध्ये आहे का एवढंच विचारायचं. दोन तुकडे जिथे जोडले जातात तो बिंदू दोनदा मोजला जाऊ शकतो, तेवढी काळजी घ्यायची. k = 1 ला π/2 अगदी असाच बिंदू आहे: दुसरा तुकडा तिथे संपतो आणि तिसरा तिथेच सुरू होतो.

अंतराल अर्धवट तोडलेलं असलं की मला तर आलेखच बरा वाटतो. हेच समीकरण [0, 2π/3] मध्ये घ्या. वक्र दुसरा उंचवटा चढत असतानाच कापला जातो, उजव्या टोकाची उंची √3 - 1/2, म्हणजे साधारण 1.232. आकृती आता 1 वरून 1.5 ला, खाली 1 ला, पुन्हा 1.232 पर्यंत. 1.5 ला एक उकल. 1.232 च्या वर आणि 1.5 च्या खाली दोन. बरोबर 1.232 ला तीन, कारण टोक बंद आहे. तिथून 1 च्या वरपर्यंत तीनच. 1 ला दोन. बाकी काही नाही. हेच t ने करायचं तर आधी ठरवावं लागतं की √3/2 पेक्षा लहान t ला एक x मिळतो, √3/2 आणि त्यापुढे 1 च्या आतल्या t ला दोन, आणि 1 ला पुन्हा एक. मग मोठं मूळ √3/2 च्या कोणत्या बाजूला आहे ते k वरून शोधायचं. जमतं, पण प्रत्येक पायरीवर एक बारीक अट सुटायची भीती असते. माझ्याकडून तरी सुटायची.

तरीही आलेख सगळीकडे चालवू नका. k दोन ठिकाणी असेल तर तो एकटा करताना भागाकार करावा लागतो, आणि उकली तिथे हरवतात. sin²x - (k + 1) sin x + k = 0 घ्या. k एकटा करायचा तर 1 - sin x ने भागावं लागतं आणि k = sin x उरतं. आलेख सुंदर येईल, पण x = π/2 ही उकल k काहीही असली तरी असते, आणि ती गायब होईल. t ने मात्र (t - 1)(t - k) = 0 एका नजरेत दिसतं. [0, 2π] मध्ये k = 0 ला चार उकली, k = 1 ला एक, k = -1 ला दोन, -1 ते 1 मधल्या बाकी किमतींना तीन, आणि त्याबाहेर फक्त π/2 ही एकच. अवयव सरळ पडत असतील तर मीही t च घेतो.

उलट sin x = kx सारख्या समीकरणात t चा उपयोगच नाही, कारण x सुटा आहे. इथे आलेख दोन तऱ्हांनी वाचता येतो: साइनच्या वक्रावर आरंभबिंदूतून जाणारी तिरपी रेषा फिरवायची, किंवा x ने भागून sin x / x वर आडवी रेषा सरकवायची. मला आडवी रेषा आवडते, कारण तिरपी रेषा वक्राला स्पर्श करते की कापते हे हाताने काढलेल्या आकृतीत ओळखणं कठीण जातं. x धन घेतला तर दुसऱ्या उंचवट्याला ती रेषा साधारण k = 0.128 ला, x = 7.725 च्या जवळ स्पर्श करते. ही किंमत tan x = x वरून अंदाजाने काढावी लागते, नेमक्या स्वरूपात मिळत नाही. आणि भागताना x = 0 ही कायमची उकल वेगळी लिहून ठेवावी लागते. मी ती आलेख काढण्याआधीच, पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहितो.