चवथीच्या रजेआधी: मेल फॉरवर्ड करायची की प्रवेश द्यायचा?

पणजीच्या पाटोवर हॉटेल बुकिंगचं बॅक ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाला चवथीला आठवडाभर गावी जायचं असेल, तर नव्या कामाची काळजी फारशी नसते. ते रांगेत येतं, कुणीतरी उचलतं. अडचण असते ती तुम्ही आधीच उत्तर पाठवलेल्या पाहुण्यांची. त्यांचं पुढचं उत्तर तुमच्याच नावावर येतं आणि तुम्ही माटोळी बांधत असता.

पासवर्ड सहकाऱ्याला देऊन जाणं हा पर्याय अजून बऱ्याच ठिकाणी चालतो, पण तो लगेच बाद करावा. नव्या मशीनवरून लॉगिन केलं की कोड तुमच्या फोनवर येतो, आणि सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर रेंज कधी मिळेल याचा नेम नाही. शिवाय कुठलं उत्तर कुणी पाठवलं, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही.

खरी निवड फॉरवर्डिंग आणि डेलिगेट प्रवेश, म्हणजे सहकाऱ्याला तुमची पेटी उघडू देणं, यांच्यात आहे.

जीमेलमध्ये फॉरवर्डिंग सोपं वाटतं: सहकाऱ्याचा पत्ता टाकायचा, त्याच्याकडे आलेल्या कोडने खात्री करायची, झालं. पण जाते ती फक्त त्यानंतर येणारी मेल. समजा, पाहुण्याने मागच्या आठवड्यात 12 ते 15 तारखेऐवजी 19 ते 22 मागितली आणि ओळखपत्र जोडलं. आता त्याचं ‘हो, चालेल, करा’ एवढंच येतं. खाली जुना मजकूर असला तरी आधीच्या मेलची जोडपत्रं सोबत येत नाहीत. सहकारी ओळखपत्र पुन्हा मागतो, आणि तेही स्वतःच्या पत्त्यावरून. पाहुणा उत्तर देतो ते त्याच पत्त्यावर. तुम्ही परत येता तेव्हा अर्धा संवाद तुमच्याकडे, अर्धा त्याच्याकडे.

डेलिगेट प्रवेशात हा तुटकपणा येत नाही. सेटिंग्जमध्ये ‘Grant access to your account’ इथे सहकाऱ्याचा पत्ता द्यायचा. तो स्वतःच्या लॉगिनने तुमची पेटी उघडतो, जुनं सगळं वाचतो, तुमच्या पत्त्यावरून उत्तर देतो. पासवर्ड मात्र त्याला बदलता येत नाही. कंपनीचं खातं असेल तर ही सोय अ‍ॅडमिनने चालू ठेवलेली असावी लागते. निमंत्रण आठवड्याभरात स्वीकारलं नाही तर रद्द होतं, आणि स्वीकारल्यावरही प्रवेश सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून निघायच्या संध्याकाळी हे काम काढू नये. त्याच पानावर त्याने उघडलेली मेल वाचलेली दिसावी की न वाचलेली, हेही ठरवता येतं. मी ‘वाचलेली’ ठेवायला सांगेन, नाहीतर परत आल्यावर निपटलेलं आणि राहिलेलं एकाच रंगात दिसतं.

याची मर्यादाही मोठी आहे: जीमेलमध्ये अर्धा प्रवेश नाही. पगाराची स्लिप, साहेबांशी झालेली खडाजंगी, सगळंच त्याला दिसतं. त्याच पेटीत असलं काही असेल, तर फिल्टर लावून फक्त हॉटेलांची आणि पाहुण्यांची मेल फॉरवर्ड करणं बरं, आणि चालू बुकिंगची जोडपत्रं आधीच सामायिक फोल्डरमध्ये टाकून ठेवावीत. आउटलुक वापरणाऱ्यांचं थोडं बरं आहे. तिथे इनबॉक्स आणि कॅलेंडरला वेगवेगळे अधिकार देता येतात.

तिकिटांची, म्हणजे प्रणालीत नोंदल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या विनंत्या-तक्रारींची, गोष्ट थोडी वेगळी. झेंडेस्कसारख्या प्रणालीत ‘Pending’, म्हणजे पाहुण्याच्या उत्तरासाठी थांबलेली, तिकिटं शांत पडून असतात, त्यामुळे जाताना तुमची रांग रिकामी भासते. पाहुण्याने उत्तर दिलं की तिकीट ‘Open’ होतं, पण राहतं तुमच्याच नावावर. बाकीचे बिननावाच्या रांगेकडे बघत बसतात. म्हणून ‘Pending’ची यादी काढून प्रत्येक तिकीट एका माणसाच्या नावावर करावं. नाव काढून सगळी गटात सोडून देणं निष्पक्ष वाटतं खरं, पण किचकट तिकीट मग कुणीच उचलत नाही.

टिपणाचंही तसंच. लांबलचक हस्तांतर-पत्र कुणी उघडत नाही. तिकिटातच आतली नोंद टाकलेली बरी. ती अशी असावी: ‘तारीख बदल, 19 ते 22. कळंगुटच्या हॉटेलला विचारलंय, उत्तर बुधवारपर्यंत. न आल्यास फोन. फरक भरायला पाहुणा तयार, तसं मेलमध्ये लिहिलंय. हॉटेलने नाही म्हटलं तर परताव्याचं काहीही कबूल केलेलं नाही.’ शेवटचं वाक्य बहुतेक लोक विसरतात, आणि भांडण तिथेच होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी सहकाऱ्याला त्याच्याच खुर्चीवर बसवून तुमच्या पेटीतून तुम्हालाच एक मेल पाठवायला लावा. परत आल्यावर पहिल्याच सकाळी त्याचा प्रवेश काढा. तो आपोआप संपत नाही.