तिळाचा फोटो पाहून ठरवायचं की डॉक्टरांना दाखवायचं?

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात सावईवेऱ्याचं एक जोडपं आलं होतं. येण्याआधी त्यांच्या मुलीने दोघांचे फोटो मला मोबाईलवर पाठवले होते: आईच्या पाठीवरचा डाग आणि बाबांच्या टाचेवरचा तीळ. तीळ धोक्याचा आहे का हे तीन खुणांवरून ताडण्याचा एबीसी नियम तिने वाचला होता. तिची काळजी सगळी आईची होती. ‘बाबांचा साधाच वाटतो,’ असं तिने लिहिलं होतं.

तिने नियम चुकीचा लावला नव्हता. तिळावर मनाने मधोमध रेघ ओढायची. दोन अर्धे जुळले नाहीत तर ती असममिती. कड दातेरी, वेडीवाकडी किंवा कुठे विरत गेलेली असेल तर दुसरी खूण. एकाच तिळात तपकिरी, काळा, लालसर, निळसर अशा छटा दिसल्या तर तिसरी. आईचा डाग तिन्हींत नापास झाला. बाबांचा गोलसर, स्वच्छ कडेचा, एकाच गडद रंगाचा तीळ तिन्हींत पास.

दोघांना समोर बसवून पाहिलं तेव्हा चित्र उलटं निघालं. आईच्या डागावरून बोट फिरवलं तर तो खरखरीत होता, पाठीवर मेणाचा थेंब पडून वाळावा तसा वर चिकटल्यासारखा. डर्मोस्कोपखाली, म्हणजे दिवा लावलेल्या भिंगाखाली, त्यात पांढरे ठिपके आणि बुजलेली छिद्रं दिसली. वयाबरोबर येणारा हा सेबोऱ्हिक केराटोसिस. कर्करोगाशी त्याचा संबंध नाही, काढायचीही गरज नाही. मात्र फोटोत तो मेलानोमाची, म्हणजे तिळासारख्या दिसणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची, हुबेहूब नक्कल करतो, कारण फोटोला खरखरीतपणा कळत नाही.

बाबांच्या टाचेवर भिंग ठेवलं आणि मी थांबले. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात: उंचवटे आणि त्यांमधले चर. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा चरांत बसतो. इथे तो उंचवट्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरला होता आणि गडद भागाबाहेर एक फिकट तपकिरी झाक होती. पट्टी लावून मोजलं तर ९ मिलिमीटर. फोटोत घराच्या पिवळ्या दिव्यामुळे ती फिकट झाक कातडीच्या रंगात मिसळून गेली होती, आणि शेजारी पट्टी नसल्याने आकाराचा अंदाज येत नव्हता. बाबा म्हणाले, ‘कुळागरात अनवाणी चालताना काटा मोडला असेल.’ मी त्यांना बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं. बायोप्सीत मेलानोमाच निघाला, पण सुदैवाने अजून वरच्या थरातच होता.

फोटो आणि तपासणी यांतला हा फरक केवळ कॅमेऱ्याचा नाही. हा नियम १९८५ साली न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडला, तो मुख्यतः गोऱ्या कातडीवर आडव्या पसरणाऱ्या मेलानोमासाठी. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा आजार एकूण कमी, पण होतो तेव्हा तळवे, तळहात आणि नखं या जागा विशेष सापडतात. गाठीसारखा वाढणारा मेलानोमा तर अनेकदा सुबक गोल आणि एकाच रंगाचा असतो, कधी काळा नसून गुलाबीच. नियम ज्याला ‘ठीक’ म्हणतो, नेमका तोच काही आठवड्यांत वाढत जातो. म्हणूनच २००४ साली या अक्षरांना ‘बदल’ ही खूण जोडली गेली. एका फोटोत बदल दिसणं शक्य नाही.

दोन फोटोंत मात्र तो दिसतो, आणि मोबाईलचा खरा उपयोग मला तिथे वाटतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश आणि चेहरा उजळणारे फिल्टर बंद करून, तिळाशेजारी शाळेची पट्टी ठेवून फोटो काढा. फार जवळ गेलात तर भिंगामुळे मधला भाग फुगतो आणि सरळ तीळही वाकडा दिसतो. म्हणून हातभर अंतरावरून काढून मग मोठा करून पाहा. तसाच फोटो महिन्याभराने पुन्हा काढा. अंगावर पुष्कळ सारखे तीळ असतील आणि त्यांतला एकही बदलत नसेल, तर असं लक्ष ठेवणं पुरेसं आहे.

पण महिनाभर थांबणं काही बाबतींत मला मान्य नाही. तळव्यावर किंवा तळहातावर नव्याने आलेला डाग, एकाच नखात आलेली आणि रुंद होत जाणारी काळी पट्टी, रक्त येणारा तीळ, बरी न होणारी जखम, भरभर वाढणारी टणक गाठ: यांना एबीसी लावूच नका, थेट दाखवा. नियमात नापास झालेला तीळही दाखवा. बहुतेक वेळा तो आईच्या डागासारखाच निघेल, आणि ते पाहायला भिंगाखाली पाचच मिनिटं लागतात.

त्या मुलीने मला विचारलं, ‘मग फोटो पाठवलाच नसता तर?’ तिने पाठवला म्हणूनच आई दवाखान्यात आली, आणि बाबा तिला सोबत म्हणून. टाचेचा फोटो मी मोबाईलवर पाहिला होता, तेव्हा मलाही तो साधाच वाटला होता.