कूपन साइटचे कमिशन: नेटवर्कचा अहवाल, कार्टची वेळ की चाचणी?

महिन्याला साधारण हजार ऑर्डरी घेणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, पण अशा दुकानांत ते वावगे वाटणार नाहीत. सरासरी ऑर्डर 1,500 रुपयांची असून त्यातून दुकानाला 600 रुपये ढोबळ नफा राहतो. ॲफिलिएट, म्हणजे कमिशनवर ग्राहक पाठवणाऱ्या साइट; त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲफिलिएट नेटवर्कच्या मासिक अहवालात एका कूपन साइटच्या नावावर 200 ऑर्डरी आहेत. प्रत्येक ऑर्डरीवर साइटला 120 रुपये कमिशन आणि ग्राहकाला 150 रुपये सूट, म्हणजे एकूण खर्च 54,000 रुपये. हा खर्च भरून निघायचा असेल, तर त्या 200 पैकी किमान 90 ऑर्डरी साइट नसती तर आल्याच नसत्या, असे असायला हवे. या 90 च्या आकड्याबद्दल काही सांगणारे तीन मार्ग दुकानदाराला उपलब्ध आहेत आणि तिन्ही सारख्या योग्यतेचे नाहीत.

पहिला मार्ग नेटवर्कचा अहवाल. तो शेवटच्या क्लिकवर चालतो: ऑर्डरीच्या आधी ज्या ॲफिलिएटच्या दुव्यावर सर्वांत शेवटी क्लिक झाले, त्याला पूर्ण श्रेय. हा नियम सोपा आहे, त्यावरून वाद कमी होतात, आणि परिचय किंवा परीक्षण लिहिणाऱ्या साइटच्या बाबतीत तो बऱ्यापैकी न्याय्यही ठरतो. पण चेकआउटच्या पानावर काय घडते ते पाहा. ग्राहकाने वस्तू निवडली, पत्ता भरला, आणि पैसे भरण्याआधी त्याला ‘कूपन कोड टाका’ अशी रिकामी चौकट दिसली. आपल्याकडे कोड नाही हे त्याला त्या चौकटीनेच सुचवले. तो नवा टॅब उघडतो, दुकानाचे नाव आणि ‘कूपन’ असे शोधतो, पहिल्या साइटवर जातो. तिथे कोड अर्धवट झाकलेला असतो आणि ‘कोड दाखवा’ हे बटण दाबल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. ते बटण दाबताच दुकानाचे पान ॲफिलिएट दुव्यातून पुन्हा उघडते आणि ग्राहक त्या साइटकडून आल्याची खूण, म्हणजे कुकी, त्याच्या ब्राउझरमध्ये बसते. कोड मुदत संपलेला निघाला आणि ग्राहकाने निमूटपणे पूर्ण किंमत मोजली, तरी ऑर्डर साइटच्या खात्यात जमा होते. अहवालाच्या दृष्टीने ही ऑर्डर आणि साइटने खरोखर शोधून आणलेल्या ग्राहकाची ऑर्डर यांत काडीचाही फरक नसतो. म्हणून 90 च्या प्रश्नावर हा अहवाल काहीच सांगत नाही. तो फक्त बिल कोणाला द्यायचे ते सांगतो.

याच नियमावरून अमेरिकेत मोठा वाद उभा राहिला. पेपालने 2020 मध्ये सुमारे 4 अब्ज डॉलरना विकत घेतलेले हनी हे कूपन शोधून देणारे ब्राउझर एक्स्टेन्शन चेकआउटच्या वेळी इतरांची ॲफिलिएट कुकी बदलून स्वतःची बसवते, असा आरोप डिसेंबर 2024 मध्ये गाजला आणि काही यूट्यूबर न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे असे, की आम्ही शेवटच्या क्लिकसह उद्योगातील प्रचलित नियमच पाळतो. हा बचाव मला आरोपापेक्षा अधिक बोलका वाटतो. मार्च 2025 मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठी नियम कडक केले: ग्राहकाला प्रत्यक्ष लाभ मिळत नसेल, तर ॲफिलिएट दुवा घालता येत नाही.

दुसरा मार्ग स्वतःच्या नोंदींचा, आणि त्याला बाहेरून काही विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक ऑर्डरीसाठी तीन वेळा शेजारी मांडाव्यात: कार्टमध्ये पहिली वस्तू कधी पडली, कूपन साइटकडून क्लिक कधी आले आणि पैसे कधी भरले गेले. 11:02 ला कार्ट, 11:14 ला क्लिक, 11:17 ला ऑर्डर, असा क्रम असेल तर साइटने ग्राहक आणला नाही, तयार ग्राहकाला दारात गाठले. समजा, 200 पैकी 132 ऑर्डरी अशा निघाल्या आणि उरलेल्या 68 मध्ये क्लिक आधी व कार्ट नंतर होते. येथे घाई करू नये. 68 च्या 68 खऱ्या नव्या धरल्या तरी 90 ला 22 कमी पडतात. म्हणजे कार्ट भरून बसलेल्या 132 पैकी साधारण सहातला एक ग्राहक सूट न मिळाल्यास निघून गेला असता का, एवढाच प्रश्न उरतो. तो गेलाही असता. ‘कार्ट आधी म्हणजे फसवणूक’ असे समीकरण त्यामुळे टिकत नाही.

या मोजणीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. फोनवर निवड करून लॅपटॉपवर खरेदी करणाऱ्याचे जुने कार्ट जुळत नाही, त्यामुळे आयत्या वेळी अडवलेल्या ऑर्डरी कमी दिसतात. उलट, तीन दिवसांपूर्वी कार्ट सोडून गेलेला माणूस कूपन साइटच्या ईमेलमुळे परत आला, तर ती साइटचीच कामगिरी आहे; म्हणून क्लिकच्या आधीच्या अर्ध्या तासात कार्ट हाताळले गेले होते का, एवढेच पाहावे. याच नोंदींतून आणखी एक गोष्ट कळते: त्या 132 पैकी कितींच्या मागे आधीच्या दिवसांत दुसऱ्या ॲफिलिएटचे, म्हणजे परीक्षण लिहिणाऱ्याचे, क्लिक होते. त्या ऑर्डरींत दुकानाने कमिशन चुकीच्या माणसाला दिलेले असते, आणि काही महिन्यांनी तो लेखक तुमच्याबद्दल लिहिणे थांबवतो.

तिसरा मार्ग चाचणीचा. अर्ध्या ग्राहकांना यादृच्छिकपणे कूपनची चौकट दाखवायची, उरलेल्या अर्ध्यांना तिच्या जागी ‘कोड आहे?’ असा बारीक दुवा, आणि शेवटी दोन्हीकडच्या एकूण ऑर्डरी मोजायच्या. कूपनच्या नव्हे, एकूण. ‘साइट नसती तर काय झाले असते’ याचे सरळ उत्तर फक्त इथे मिळते, आणि तत्त्वतः हाच मार्ग श्रेष्ठ आहे. अडचण संख्येची आहे. हजार ऑर्डरींच्या दुकानात प्रत्येक गटात सुमारे 500 ऑर्डरी येतील, आणि दोन्ही गटांना तंतोतंत एकच पान दाखवले तरी त्यांच्यात 60 ऑर्डरींपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. आपल्याला पकडायचा फरक अर्ध्या गटापुरता 45 चा आहे. म्हणजे महिन्याभराची चाचणी हवेत जाते. उत्तराला काही अर्थ यायला निदान सहा महिने लागतील. महिन्याला वीस हजार ऑर्डरी असणाऱ्या दुकानात योगायोगाचा फरक सुमारे 280 पर्यंत आणि शोधायचा फरक 900 चा, त्यामुळे तिथे एक महिना पुरतो.

श्रेयाची विभागणी करणारी मॉडेले, जसे पहिला क्लिक किंवा समान वाटप, मी चौथा मार्ग म्हणून मांडत नाही. गूगल ॲनालिटिक्सने तर अशी नियमाधारित मॉडेले 2023 मध्ये काढूनच टाकली, पण खरे कारण वेगळे आहे: ती आलेल्या ऑर्डरीचे श्रेय वाटतात, ऑर्डर आली नसती का हे विचारत नाहीत.

तेव्हा दुकान मोठे असेल तर चाचणीच करावी. हजार ऑर्डरींच्या दुकानाने सहा महिने थांबण्यापेक्षा वेळेच्या नोंदींवर करार बदलावा: कार्ट आधी असल्यास कमिशन 120 ऐवजी 30 रुपये, कोड चालला नसल्यास शून्य, आणि आधी दुसऱ्या ॲफिलिएटचे क्लिक असल्यास कमिशन त्याला. वरच्याच आकड्यांत पहिल्या अटीनेच खर्च 54,000 वरून 42,120 वर येतो आणि भरून निघण्यासाठी लागणाऱ्या ऑर्डरी 90 वरून 71 वर, म्हणजे 68 च्या जवळपास. कराराआधी आपले नेटवर्क ऑर्डरीनुसार वेगळा दर लावू देते का ते विचारावे. देत नसेल, तर महिनाअखेरीस ऑर्डरी मंजूर करताना दुरुस्त्यांची यादी हाताने पाठवावी लागते, आणि त्या कामाला दर महिन्याला एका माणसाचा अर्धा दिवस जातो.